पाच वर्षं ८० टक्के पगार आणि त्यातलं एक वर्ष शिक्षणाची रजा: सही करण्याआधी

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी आहे. कंपनी म्हणते, चार वर्षं ८० टक्के पगारावर काम करा, पाचव्या वर्षी पूर्णवेळ शिक्षण घ्या, तेव्हाही ८० टक्के देऊ. सध्या पगार महिना ६०,००० आहे. सही करू का?

उत्तर: पाचव्या वर्षीचे ८० टक्के नेमके कोणत्या पगाराचे, हे आधी करारात शोधा. सगळा व्यवहार तिथेच ठरतो.

पगार दरवर्षी ५,००० ने वाढतो असं धरू. चार वर्षांत तो ६०, ६५, ७० आणि ७५ हजार होईल आणि दरमहा अनुक्रमे १२, १३, १४ आणि १५ हजार राखून ठेवले जातील. एकूण ६,४८,००० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर शिक्षणाच्या वर्षी महिन्याला ५४,००० येतात. पण त्या वर्षी तुमचा पगार ८०,००० असता, आणि त्याचे ८० टक्के म्हणजे ६४,०००. महिन्याला दहा हजारांचा, वर्षाला १,२०,००० चा फरक. करारात ‘रजेच्या वर्षी लागू असलेल्या पगाराच्या ८० टक्के’ लिहिलं असेल तर हा फरक कंपनी भरते. ‘जमा रक्कम समान हप्त्यांत’ असं असेल तर तुम्हाला फक्त तुमचेच पैसे परत मिळतात, तेही बिनव्याजी. तीच रक्कम दरमहा आरडीत टाकली आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तरी चार वर्षांत ८०,००० च्या वर व्याज होतं.

‘कर वाचेल’ असं सांगितलं गेलं असेल, तर तुमच्या बाबतीत ते लागू नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत वर्षाला १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर पडत नाही. तुमचा पाचव्या वर्षीचा पूर्ण पगारही ९,६०,००० च आहे. याहून बऱ्याच जास्त पगाराच्या माणसाला फायदा होऊ शकतो, पण त्यालाही एक काळजी घ्यावी लागते. पगारावर कर तो देय झाला की मिळाला, यातलं जे आधी होईल त्या दिवशी लागतो. म्हणून ‘कामाच्या वर्षांत हक्क ८० टक्क्यांचाच, उरलेला भाग रजेच्या वर्षीच देय’ असं योजना सुरू होण्याआधी लिहून घ्यायला हवं. पगारपत्रकावर ६०,००० दाखवून खाली १२,००० ची कपात दाखवली, तर कर पूर्ण ६०,००० वर धरला जातो.

मग अशा योजनेत मिळतं काय? नोकरीत खंड पडत नाही, परत येण्याची जागा राहते आणि पीएफ चालू राहतो. बेसिकही ८० टक्के केलं तर पाच वर्षांचा पीएफ साधारण चार पूर्ण वर्षांइतका भरतो, म्हणजे बिनपगारी रजेपेक्षा तोटा नाही. ग्रॅच्युइटीचं मात्र तसं नाही. ती शेवटच्या वेतनावर निघते. रजेच्या वर्षातच किंवा ते संपताच नोकरी सोडली, तर आधीच्या सगळ्या वर्षांची ग्रॅच्युइटी कमी वेतनावर मोजली जाऊ शकते. म्हणून ती पूर्ण पगार धरूनच मोजली जाईल, असं करारात लिहून घ्या. गृहकर्ज काढायचं असेल तर ते आधी काढा, कारण बँक कमी झालेला पगारच धरते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती राखलेल्या पैशांची. ते कंपनीच्याच खात्यात असतात. कंपनी दिवाळखोरीत जाऊन अवसायनात निघाली, तर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या थकीत पगाराला आधीच्या १२ महिन्यांपुरतंच वरचं स्थान मिळतं, कामगारांना २४ महिन्यांपुरतं. तुमचे पैसे चार वर्षांत साठलेले असणार. जर्मनीत अशा शिल्लक पगाराला दिवाळखोरीपासून संरक्षण देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ते करारातूनच मिळवावं लागतं: रक्कम वेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवा, नाहीतर बँक हमी द्या, असं मागा. दरवर्षी मार्चअखेर जमा रकमेचं सहीचं पत्रही घ्या.

मधेच राजीनामा, मृत्यू किंवा कंपनीची विक्री झाली तर पैसे कोणाला, किती दिवसांत मिळणार, हेही लिहून घ्या. आणि प्रवेशच मिळाला नाही तर? रजा एक वर्ष पुढे ढकलता येते की पैसे परत मिळतात, हे बहुतेकजण विचारायचं विसरतात.

रजेच्या वर्षीचा पगार आणि पैशांची सुरक्षितता, या दोन गोष्टी कंपनी लिहून देत असेल तर सही करा. नसेल तर पूर्ण पगार घेऊन दरमहा २० टक्के स्वतःच्या आरडीत टाका आणि कंपनीकडे फक्त पाचव्या वर्षी बिनपगारी रजा, सेवेत खंड न धरता त्याच पदावर परत घेण्याचं पत्र आणि त्या वर्षापुरता गटविमा चालू ठेवण्याची संमती मागा. त्या वर्षाचा पीएफ बुडेल, पण साठवलेले सगळे पैसे तुमच्या नावावर असतील.