टेअर, तऱ्हा आणि कंटेनरच्या दारावरची अरबी

प्रश्न : आमच्या तांदळाच्या कंटेनरच्या दाराचा आणि बिल ऑफ लँडिंगचा फोटो मोबाइलवर आला आहे. दुबईच्या व्यापाऱ्याला त्याचे अरबी भाषांतर हवे आहे. ‘टेअर वेट’ला अरबीत काय म्हणतात? ग्रॉस आणि नेट यांना काय लिहावे? पोत्यांवरच्या खुणांचेही भाषांतर करायचे का?

सर्वप्रथम, तो कागद ‘लँडिंग’चा नव्हे. ‘लेडिंग’ म्हणजे माल भरणे, आणि जहाजावर माल चढवून घेतल्याची पावती म्हणून हा कागद दिला जातो. तरीही गोदीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत सर्वत्र ‘लँडिंग बिल’ हाच उच्चार कानांवर पडतो. केवळ कानाला खुपत असते तर मी दुर्लक्ष केले असते. परंतु या चुकीच्या शब्दावरून भाषांतर करणारा माणूस अरबीत ‘उतरण्याचा हिशेब’ अशा अर्थाचे काहीतरी लिहून बसतो. त्यातच ‘बिल’ म्हटल्यावर त्याला ‘फातूरा’ हा शब्द सुचतो, आणि फातूरा म्हणजे विक्रीचे बीजक. बिल ऑफ लेडिंग हे बीजक नाही. अरब व्यापारी त्याला ‘बूलीसत अश्-शह्न’ म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत ते ‘सनद अश्-शह्न’ असते. शह्न म्हणजे माल भरणे. बूलीसा हा इटालियन ‘पोलिझ्झा’चा अरबी अवतार असून आपल्या विम्याची ‘पॉलिसी’ त्याच घराण्यातली आहे. ‘सनद’ हा शब्द तर आपल्याकडे वतनाच्या कागदांपासून वकिलीपर्यंत रुळलेला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही.

आता टेअर. रिकाम्या कंटेनरचे वजन म्हणजे टेअर, हे आपणांस ठाऊक असणारच. मला सांगायचे आहे ते निराळेच. ज्या शब्दाला आपण अरबी प्रतिशब्द शोधत आहात, तो शब्द मुळात अरबीच आहे. अरबीत त-र-ह या धातूचा अर्थ टाकणे, बाजूला काढणे असा होतो. वजाबाकीलाही ‘तर्ह’ हेच नाव आहे. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी मालाच्या वजनातून पिंप, पेटी, गोण यांचे जे वजन वजा केले जाई, त्याला हा शब्द वापरला. तो इटालियनमध्ये ‘तारा’ झाला, फ्रेंचांकडे ‘तार’ झाला आणि इंग्रजीत ‘टेअर’ होऊन आज प्रत्येक कंटेनरच्या दारावर जाऊन बसला. आपल्या बाजारात त्याचे काम ‘बारदान’ करते: बारदान वजा जाता राहिला तो निव्वळ माल.

खरी गंमत पुढेच आहे. हाच ‘तर्ह’ फारसीत गेला तेव्हा ‘टाकणे’वरून आराखडा टाकणे, रचना करणे असा अर्थ घेऊन बसला, आणि तेथून रीत, प्रकार या अर्थाने मराठीत ‘तऱ्हा’ होऊन आला. मुशायऱ्यात एक ओळ टाकली जाते आणि तिच्यावर सर्वांनी गझल लिहायची असते. त्या ‘तरही’ गझलेतला तरहही तोच. म्हणजे कंटेनरवरचे टेअर, आपल्या तऱ्हेवाईक काकांची तऱ्हा आणि तरही गझल ही सख्खी भावंडे ठरतात. काही जाणकार ‘तऱ्हा’ला ओढून-ताणून संस्कृत ‘तर’पर्यंत नेतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की मग जुन्या लेखनात शब्दाच्या शेवटी टिकून राहिलेला तो ‘ह’ कोठून आला? त्यावर उत्तर मिळत नाही, फक्त संस्कृतच्या प्राचीनत्वावर व्याख्यान मिळते.

दुसरा एक गट टेअर म्हणजे ‘वेअर अँड टेअर’मधले टेअर, अर्थात मालाची झीज, असे छातीठोकपणे सांगतो. या गैरसमजाला निदान एक अंधुक कारण असू शकते. जुन्या इंग्रजी अंकगणितात ‘टेअर अँड ट्रेट’ नावाचे प्रकरण असे. त्यातले ट्रेट म्हणजे वाटेत होणाऱ्या तुटीपोटी दिलेली सूट. तूट ही ट्रेटमध्ये मोजली जाई आणि टेअरशी तिचा काही संबंध नव्हता. पाटीवरच्या टेअरचे भाषांतर ‘झीज’ केले, तर कंटेनर सव्वादोन टन झिजला असे अरबी वाचकाला वाटेल. शब्दकोशात टेअर पाहून शेतातल्या तणाचे नाव उचलणारेही आढळतात. ते टेअर दिसायला सारखे असले, तरी त्याचे कुळ वेगळे आहे.

एवढे प्रेम व्यक्त करूनही मी आपणांस ‘तर्ह’ लिहा असे सांगणार नाही. आजच्या अरबी वाचकाला त्या जागी तो शब्द कोरडी वजाबाकी वाटेल. पाटीवरच्या टेअरसाठी ‘अल्-वज़्न अल्-फारिग़’, म्हणजे रिकामे वजन, असे लिहावे. हा फारिग़ही परका नाही. देणेघेणे संपवून मोकळे करणारा कागद म्हणजे फारिग़खत, त्यावरूनच आपली ‘फारकत’ आली. ‘फरक’वरून नव्हे, हेही जाता जाता नोंदवतो. माल जेथे उतरवला जातो ते बंदर अरबीत ‘मीना अत्-तफरीग़’ होते, म्हणजे जहाज रिकामे करण्याचे ठिकाण, धातू तोच. माल चढवण्याचे बंदर ‘मीना अश्-शह्न’. बंदरांची नावे मात्र अरबी वळणाने लिहून सोडू नयेत, कारण अरबी लिपीत ‘व्ह’साठी स्वतंत्र अक्षर नसल्यामुळे न्हावा शेवा हे नाव प्रत्येक जण वेगळे लिहितो. शेजारी `INNSA` आणि जबल अलीसाठी `AEJEA` हे संकेत जसेच्या तसे ठेवले, की शंका उरत नाही.

ग्रॉस आणि नेट यांच्याबाबत मात्र शब्दकोशावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण दारावरचा ग्रॉस आणि कागदावरचा ग्रॉस यांचे अर्थ भिन्न आहेत. समजा, वीस फुटी कंटेनरच्या दारावर कमाल ग्रॉस ३०,४८० किलो, टेअर २,२३० किलो आणि नेट २८,२५० किलो असे लिहिलेले आहे. आत पंचवीस किलोची १,००० पोती आहेत आणि रिकामे पोते शंभर ग्रॅमचे आहे. अशा वेळी बिल ऑफ लेडिंगवर ग्रॉस २५,१०० किलो आणि नेट २५,००० किलो येईल. दारावरचे आकडे कंटेनरची क्षमता सांगतात: भरलेला कंटेनर जास्तीत जास्त किती जड असू शकतो आणि त्यात जास्तीत जास्त किती माल घालता येतो. ते कंटेनर बनला तेव्हापासून तेथे रंगवलेले आहेत. आपल्या तांदळाची त्यांना काही खबर नाही. कागदावरचे आकडे प्रत्यक्ष मालाचे आहेत, आणि त्या ग्रॉसमध्ये पोत्यांचे वजन धरलेले असले तरी कंटेनरचे धरलेले नाही. त्याखेरीज १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्यापूर्वी भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन द्यावे लागते. ते या उदाहरणात २५,१०० अधिक २,२३०, म्हणजे २७,३३० किलो होईल. लाकडी टेकू वगैरे घातले असतील तर त्यांचे वजनही त्यात मिळवावे लागते.

भाषांतरात दोन्ही ठिकाणच्या ग्रॉसला एकच अरबी शब्द वापरला, तर तपासणाऱ्याला त्याच कंटेनरच्या ‘एकूण वजनात’ ५,३८० किलोंची तफावत दिसते, आणि मालाच्या निव्वळ वजनात ३,२५० किलोंची. माल चोरीला गेला की आकडा खोटा दिला, असा प्रश्न तो विचारणारच. म्हणून कागदावरच्या ग्रॉसला ‘अल्-वज़्न अल्-क़ाइम’ आणि नेटला ‘अल्-वज़्न अस्-साफी’ लिहावे. आपले कायम आणि साफ तेच हे. जसे उभे आहे तसे ते क़ाइम आणि बारदान काढून स्वच्छ केलेले ते साफी, असे मी समजतो, आणि ग्रॉसला मराठीत ‘ढोबळ’ म्हणतात त्याहून मला हे अधिक आवडते. दारावरच्या ग्रॉसला मात्र ‘अल्-वज़्न अल्-इज्माली अल्-अक़्सा’, म्हणजे कमाल एकूण वजन, असे लिहावे आणि दारावरच्या नेटला ‘अल्-हुमूला अल्-क़ुस्वा’, म्हणजे कमाल भार. हुमूला आणि आपला हमाल यांचा धातू एकच.

भाड्याच्या रकान्यासाठी अरबीत ‘नौल’ किंवा ‘नूलून’ हे शब्द आहेत. त्यांचे मूळ ग्रीक ‘नाउलोन’, जहाजाचे भाडे. गुजराती व्यापारी मालवाहतुकीच्या भाड्याला ‘नूर’ म्हणतात. अरब खलाशांच्या ‘नौल’चाच तो पश्चिम किनाऱ्यावर झालेला उच्चार असावा, असा माझा तर्क आहे. ल आणि र यांची अदलाबदल आपल्या भाषांना नवी नाही. हा तर्क मान्य नसणाऱ्यांनी तो नूर प्रकाशाच्या ‘नूर’वरून आला असे मात्र सांगू नये, भाड्याच्या पावतीत प्रकाश कसला?

खुणांचे भाषांतर अजिबात करू नये. पोत्यावरची खूण आणि कागदावरची खूण अक्षरशः जुळते की नाही हेच पाहायचे असते, तेव्हा ती मूळ लिपीत तशीच उतरवावी. कंटेनर क्रमांकाचेही तेच, आणि फोटोवरून उतरवताना तो ताडून घेण्याची सोय त्यातच केलेली आहे. `CSQU 305438 3` या नमुन्यातला शेवटचा, बहुधा चौकटीत असलेला, अंक पडताळणीचा असतो. अक्षरांना ठरावीक किंमती देऊन पहिल्या दहा स्थानांना अनुक्रमे १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणायचे आणि बेरजेला ११ ने भागायचे. उरेल ती बाकी म्हणजे तो अंक, आणि बाकी १० उरली तर ० धरायचा. येथे बेरीज ६,१८५ येते आणि बाकी ३. पत्र्याच्या खाचेमुळे फोटोत `305438` ऐवजी `305488` वाचले गेले असते, तर बाकी ७ आली असती आणि चौकटीतल्या ३ शी जुळली नसती.

नगांचा क्रम मात्र संगणकच बिघडवतो. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. अरबी शब्दापाठोपाठ `1-1000` टंकले, तर मधल्या आडव्या रेघेमुळे दोन्ही संख्या जागा बदलतात आणि पडद्यावर `1000-1` दिसते. तिरकी रेघ देऊन `1/1000` लिहिल्यास क्रम टिकतो. परंतु पोत्यावर आडवी रेघ असेल तर खुणेत असा बदल करता येत नाही. त्यासाठी खुणांचा रकाना डावीकडून उजवीकडे वाचला जाईल असा वेगळा ठेवावा, त्यात एकही अरबी अक्षर घालू नये, आणि छापलेली प्रत मूळ फोटोशेजारी धरून तो रकाना पुन्हा एकदा वाचावा.