फोनवर कपडे ‘घालून पाहणं’: ज्येष्ठांना वीस मिनिटांत काय दाखवावं

प्रश्न: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मला वीस मिनिटं बोलायचं आहे. दुकानाच्या अ‍ॅपमध्ये आपला फोटो टाकला की तो कपडा आपल्याच अंगावर दिसतो, हे कसं होतं ते सगळ्यांना समजेल असं सांगायचं आहे. काय दाखवू आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

वीस मिनिटांत एकच गोष्ट पक्की समजावता येते. माझ्या मते ती ही: फोन तुमच्या अंगावर कपडा घालत नाही, तुमच्या फोटोवर कपड्याचं नवं चित्र काढतो. त्यामुळे रंग, गळा, बाह्यांची लांबी आपल्याला साधारण कशी दिसेल हे त्यातून कळतं. कपडा अंगात बसेल का, हे कळत नाही. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती गुंफा.

सुरुवात समजावण्याने न करता दाखवण्याने करा. आधीच एका सभासदाला विचारून त्यांचा एक फोटो काढून ठेवा. फोटोत त्यांनी पूर्ण बाह्यांचा चौकटीचा शर्ट घातलेला असावा आणि मनगटावर घड्याळ असावं, पण बाहीखाली झाकलेलं. अ‍ॅपमध्ये अर्ध्या बाह्यांचा एकरंगी टी-शर्ट निवडा आणि तयार झालेलं चित्र मोठ्या पडद्यावर मूळ फोटोच्या शेजारी ठेवा. मग श्रोत्यांना विचारा, ‘यातलं काय खरं आहे?’ चेहरा, केस, पँट, मागची भिंत बहुधा मूळ फोटोतलीच असतात. पण कोपरापासून मनगटापर्यंतचे हात फोटोत कधी दिसलेच नव्हते. ते फोनने कल्पनेने काढले. म्हणून घड्याळ गायब होतं, आणि हाताची त्वचा वयापेक्षा तुकतुकीत येण्याचीही शक्यता असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं समजवायला सोपं जातं.

आता हे होतं कसं. आधी अ‍ॅप फोटोत माणूस शोधतं आणि त्याच्या सांध्यांवर खुणा करतं. अशा कामासाठी बऱ्याच ठिकाणी 17 खुणांचा संच वापरतात: नाक, दोन डोळे, दोन कान, आणि मग खांदे, कोपरे, मनगटं, कमरेचे सांधे, गुडघे, घोटे यांची प्रत्येकी एकेक जोडी. सभेसाठी फोटोची मोठी छापील प्रत घ्या, तिच्यावर पारदर्शक कागद ठेवा आणि जाड पेनाने हे 17 ठिपके सगळ्यांसमोर काढा. दोन मिनिटं लागतात. मग ठिपके जोडा. उभ्या माणसाचा सांगाडा तयार होतो.

त्यानंतर अ‍ॅप फोटोचे भाग पाडतं: हे केस, ही मान, हा शर्ट, हा हात. शर्टाचा भाग पुसला जातो आणि तिथे रिकामी जागा राहते. ती दाखवायला छापील प्रतीवर शर्टाच्या आकाराचा कोरा कागद चिकटवा. आपण निवडलेला कपडा आता याच रिकाम्या जागेत बसवायचा आहे.

बसवण्याची जुनी रीत हाताने करून दाखवता येते. ताणल्या जाणाऱ्या जुन्या बनियनच्या कापडावर पेनाने चौकटी आखा, दोन माणसांना त्याची टोकं धरायला सांगा आणि खांद्यांच्या ठिपक्यांपर्यंत ओढा. एक खांदा खाली असेल तर त्या बाजूच्या चौकटी तिरक्या होतात. 2018 च्या सुमाराला प्रसिद्ध झालेल्या पद्धतींत कपड्याचा फोटो असाच ताणून, वाकवून माणसाच्या आकारात आणला जाई. हात छातीवर घडी घातलेले असले की ही रीत फसायची, कारण सपाट कापड कितीही ओढलं तरी हाताच्या मागे जाऊन पुन्हा पुढे येत नाही. 2023 मध्ये गूगलच्या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीचं काम प्रसिद्ध केलं. त्यात रंगीत कणांच्या निव्वळ गोंधळापासून सुरुवात होते आणि तो गोंधळ पायरीपायरीने निवळत जातो. प्रत्येक पायरीला एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला कपडा ‘पाहिला’ जातो. सुरकुत्या, सावल्या, हाताखाली दबलेलं कापड असं बरंच त्यात पटण्यासारखं येतं. पण ते पटण्यासारखं असतं, मोजलेलं नसतं.

याचा एक सोपा पुरावा सभेत देता येतो आणि तो जरूर द्या. तोच फोटो, तोच कपडा घेऊन चित्र दोनदा तयार करा. सुरुवातीचा गोंधळ दर वेळी वेगळा असू शकतो, म्हणून दोन चित्रांत सुरकुत्या, बटणांमधलं अंतर, बोटांची ठेवण, खिशावरची अक्षरं यात फरक दिसतो. जे बदललं ते नक्कीच कल्पित. जे बदललं नाही ते खरंच असेल असं मात्र म्हणता येत नाही. काही अ‍ॅपं पहिलंच चित्र साठवून पुन्हा दाखवतात. तसं झालं तर फोटो कडेने जरासा कापून पुन्हा टाका.

आता मापाकडे या. वेळ सर्वांत जास्त इथे द्या. एकच शर्ट आधी मध्यम मापात, मग त्याहून दोन मापं मोठा निवडून चित्र मागवा. बहुतेक अ‍ॅपांत चित्र जवळजवळ तेच येतं, कारण सगळ्या मापांसाठी कपड्याचा एकच फोटो वापरलेला असतो. शिवाय एका फोटोवरून तुमची छाती 96 सेंटीमीटर आहे की 106, हे ठरवायला काही आधारच नसतो. जवळ उभा असलेला बारीक माणूस आणि लांब उभा असलेला जाड माणूस फोटोत सारख्याच रुंदीचे दिसू शकतात. काही अ‍ॅपं उंची-वजन विचारून माप सुचवतात. तो हिशोब वेगळा आहे, चित्र पाहून केलेला नाही.

मग माप कसं ठरवायचं? शिंप्याची टेप घेऊन एक उदाहरण करून दाखवा. समजा छातीचा घेर 102 सेंटीमीटर आहे आणि शर्ट न ताणणाऱ्या सुती कापडाचा आहे. दुकानाच्या तक्त्यात एका मापासमोर 53 आणि पुढच्या मापासमोर 56 लिहिलं आहे. हा आकडा शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचा असेल, तर दुप्पट करा: 106 आणि 112. पहिल्या शर्टात अंगाभोवती फक्त 4 सेंटीमीटर सैलपणा उरतो. हात पुढे केले की पाठीवर ओढ बसेल आणि बटणांमध्ये फटी पडतील. दुसऱ्यात 10 सेंटीमीटर उरतात. साध्या शर्टाला साधारण 8 ते 12 बरे पडतात. खांदा आखडणाऱ्यांनी किंवा आत बनियन-स्वेटर घालणाऱ्यांनी वरच्या बाजूचा आकडा धरावा. फोनवरच्या चित्रात हे दोन्ही शर्ट एकसारखेच छान दिसतील.

इथे एक घोळ हमखास होतो. काही तक्ते कपड्याचं माप देतात, काही अंगाचं. तक्त्याच्या शीर्षकात किंवा खालच्या चित्रात टेप माणसाभोवती आहे की पसरलेल्या कपड्यावर, ते पाहायला शिकवा. अंगाचं माप दिलं असेल तर सैलपणा त्यात आधीच धरलेला असतो, तो पुन्हा मिळवायचा नाही. कोणाला अंगावर टेप लावून घ्यायला संकोच वाटत असेल तर घरचा नीट बसणारा शर्ट बटणं लावून टेबलावर पसरायचा आणि तोच काखेपासून काखेपर्यंत मोजायचा. खरं तर हीच पद्धत जास्त भरवशाची आहे.

फोटो चांगला असला तर चित्रही बरं येतं, म्हणून तीन-चार गोष्टी सांगा आणि प्रत्येकीचं कारणही सांगा. फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा, दोन-तीन मीटर दूर, छाती ते कंबर यांच्या उंचीवर आणि सरळ धरलेला. हात लांब करून स्वतःच काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि कंबर लहान येते, आणि कपडाही त्याच बेढब आकारावर बसवला जातो. उजेड समोरून हवा, कारण खिडकीकडे पाठ केली की कडा काळ्या पडतात आणि अ‍ॅपला हात कुठे संपतो ते कळत नाही. अंगात फार घोळदार काही नसावं, नाहीतर त्या घेरालाच तुमचं शरीर समजलं जाईल. हात अंगापासून थोडे सुटे ठेवावेत. काठी लागत असेल तर ती फोटोसाठी सोडायला कोणालाही सांगू नका. स्टुलावर ताठ बसवून कमरेपर्यंतचा फोटो घ्या आणि फक्त वरचे कपडे पाहा. बसलेल्या फोटोवर पूर्ण उंचीचा कपडा मागितला की पाय फोनच्या मनाने निघतात. गुंडाळून नेसायच्या वस्त्रांत मात्र चांगल्या फोटोनेही चुका राहतात, कारण पदरांचे थर कुठून कुठे जातात ते एका फोटोत दिसत नाही.

आपला फोटो कुठे जातो, हा प्रश्न श्रोते विचारतीलच. चष्मा किंवा लिपस्टिक आरशासारखी चेहऱ्यावर लगेच दिसते, ते काम बऱ्याचदा फोनमध्येच होतं. पूर्ण कपड्याचं चित्र मात्र बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकावर तयार होतं, म्हणजे फोटो तिथे जातो. तपासण्यासाठी विमान मोड चालू करा, वायफाय वेगळं चालू राहिलं असेल तर तेही बंद करा आणि चित्र मागवा. नाही आलं तर फोटो बाहेर पाठवल्याशिवाय हे काम होत नाही असं समजा. आलं तरी तो नंतर पाठवला जाणारच नाही याची खात्री होत नाही. अ‍ॅपने सगळे फोटो पाहण्याची परवानगी मागितली तर ‘निवडक फोटो’ हा पर्याय घेऊन एकच फोटो द्यावा. आयफोनमध्ये आणि अँड्रॉइड 14 पासूनच्या फोनमध्ये तो असतो. या कामासाठी वेगळाच फोटो ठेवावा, त्यात नातवंडं किंवा घरातलं दुसरं कोणी नसावं. कपडा पाहण्यासाठी ओटीपी लागत नाही. ऑर्डरच्या आधीच कोणी तो मागत असेल तर तिथेच थांबायचं, हे दोनदा सांगा.

सभेच्या तयारीबद्दल एकच. एकेका चित्राला काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत लागू शकतं, आणि सभागृहातलं इंटरनेट ऐन वेळी रुसतं. वर सांगितलेली सगळी चित्रं आदल्या दिवशी तयार करून फोनच्या गॅलरीत क्रमाने ठेवा: मूळ फोटो, टी-शर्टाचं चित्र, तेच दुसऱ्यांदा, मग दोन मापांची दोन चित्रं. प्रत्यक्ष अ‍ॅप फक्त एकदा चालवा, शेवटी, आणि तेव्हा फोनचे नोटिफिकेशन बंद ठेवा.