परतीचं वाक्य

बाळ,

तुझं भाषण वाचलं. लहान पापलेट निसटेल असा जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, ठेवावा ही मांडणी पक्की आहे, तिला मी हात लावणार नाही. तू फोनवर रडवेली झालीस ती वेगळ्याच गोष्टीने: मच्छिमार संस्थेच्या सभेत कुणी मध्येच उठून ओरडला तर काय करायचं? त्यावर तू ठरवलंस की ‘त्या वेळी सुचेल ते बोलेन’. तसं करू नकोस. त्या वेळी काही सुचत नसतं. दचकलं की श्वास छातीत वर चढतो, आवाज बारीक होतो, बोलणं धावायला लागतं आणि मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचते ती फक्त भीती. म्हणून उत्तर आधी कार्डावर लिहायचं, आणि त्या उत्तराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे परतीचं वाक्य: अडवणाऱ्याकडून तुला तुझ्या भाषणात परत आणून सोडणारं वाक्य.

ते नसेल तर उत्तर कितीही चोख असो, तू त्याच्या अंगणातच उभी राहतेस.

आधी भाषणाचे पाच भाग कर. प्रत्येक भागाच्या समासात लाल पेनाने एकच वाक्य लिही, त्या भागातलं अडलेलं बोलणं जिथून पुन्हा सुरू करायचं ते. उदाहरणार्थ तिसरा भाग घे. त्यात तू म्हणतेस की २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी शासनाने पकडायच्या माशांचे किमान आकार ठरवले, पापलेटला १३५ मिलिमीटर. या भागाचं परतीचं वाक्य असं: ‘तर १३५ मिलिमीटरच्या आतलं पापलेट आपल्या जाळ्यात किती येतं, ते बघू.’ पाच भागांची पाच वाक्यं झाली. ती पाठ पाहिजेत. बाकी भाषण कागदावर बघून बोललीस तरी चालेल.

आता त्या सभेत काय काय कानावर येईल ते लिहून काढ. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलीस, तुला ठाऊक आहे. पहिलं येणार ते हेच: ‘चेडवा, तू कधी दर्यात गेलंस काय?’

यावर तू लिहिलेलं उत्तर मी वाचलं. ‘मी मत्स्यशास्त्राचं शिक्षण घेतलं आहे आणि...’ खोड ते. होडी चालवणाऱ्या तांडेलासमोर पदवी काढलीस की सगळी सभा त्याच्या बाजूला जाऊन बसते. त्याचं जे खरं आहे ते आधी मान्य कर, मग तुझ्याकडचं एक तथ्य सांग, मग परत ये. असं:

‘नाही काका, मासेमारीला मी गेलेली नाही. ती माहिती तुमच्याकडे आहे. माझ्याकडे बंदरावर मोजलेल्या माशांचे आकडे आहेत. तर १३५ मिलिमीटरच्या आतलं पापलेट आपल्या जाळ्यात किती येतं, ते बघू.’

मोठ्याने म्हणून बघ. दहा-बारा सेकंदांत संपतं. याहून लांब उत्तर लिहू नकोस, कारण लांब उत्तरात त्याला पुन्हा तोंड घालायला फट मिळते. आणि ‘बरोबर ना?’, ‘पटतंय ना?’ असं शेवटी कधीही जोडू नकोस. तो प्रश्न म्हणजे बोलायची पाळी आपण होऊन त्याच्या हातात देणं.

दुसरं येईल: ‘आधी त्या पर्ससीनवाल्यांका जावन सांग!’ हे जास्त अवघड आहे, कारण यात खरी वेदना आहे आणि तुला त्यातलं सगळं येतं. थवाच्या थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरचे राज्याचे २०१६ चे निर्बंध, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरची केंद्राची २०१७ ची बंदी, सगळं तोंडावर आहे. इथेच घात होतो. तू बरोबर तेच बोलशील, लोक माना डोलावतील, दहा मिनिटं जातील आणि जाळ्याच्या आसाचा विषय त्या दिवसापुरता बुडेल. चांगली तयारी केलेल्या माणसांची भाषणं अशी वाहून गेलेली पाहिली की मला अजून हळहळ वाटते. अज्ञानाने नाही, माहितीच्या मोहाने गेली ती. म्हणून इथे एकच तथ्य, तेही लहान: ‘पर्ससीनचा आणि एलईडीचा त्रास खरा आहे, ती तक्रार मी बाजूला सारत नाही. आज मी आपल्या जाळ्याच्या आसापुरतं बोलायला उभी आहे.’ आणि लगेच परतीचं वाक्य. लगेच म्हणजे मध्ये श्वासही नाही.

तिसरा आवाज मात्र ओळखायला शीक. ‘जाळ्यात आलेला मासा मेलेलाच असता, परत सोडून काय उपेग?’ हाही ओरडूनच विचारला जाईल, पण ही अडवणूक नाही, प्रश्न आहे, आणि चांगला प्रश्न आहे. याला कार्डावरचं उत्तर दिलंस तर मी रागावेन. थांब, आणि नीट सांग: बरोबर आहे, म्हणून आपण परत सोडण्याबद्दल बोलत नाही, लहान मासा जाळ्यातून आधीच निसटेल अशा आसाबद्दल बोलतोय. फरक कसा कळेल? प्रश्न तुझ्या विषयाबद्दल असतो. अडवणूक तुझ्याबद्दल किंवा तिसऱ्याच कुणाबद्दल असते.

आता अंगाचं. तो बोलायला लागला की तू गप्प हो, त्याच्या आवाजावर आवाज चढवू नकोस. कागदावर जिथे थांबलीस तिथे बोट ठेव. त्याचं वाक्य पुरं होऊ दे, मग श्वास सोड. आधी घेऊ नकोस, सोड; आत कोंडलेला श्वास गेला की आवाज आपोआप खाली येतो. त्याच्याकडे माइक नसतो, म्हणून मागच्यांसाठी त्याचं म्हणणं शिव्या गाळून एका वाक्यात सांग. उत्तराची सुरुवात त्याच्याकडे बघून कर आणि परतीचं वाक्य सभागृहाच्या दुसऱ्या टोकाकडे बघून म्हण. शेवटपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिलीस तर तो पुन्हा बोलणारच.

त्याची टर उडवायची नाही. हशा मिळेल, पण दुसऱ्या दिवशी जेटीवर तोच भेटायचा आहे, आणि तो कुणाचा तरी मामा आहे.

दुसऱ्यांदा उठला तर: ‘काका, शेवटी दहा मिनिटं ठेवलीत, पहिला प्रश्न तुमचा.’ मग परतीचं वाक्य. आणि शेवटी पहिला प्रश्न खरंच त्याला दे, विसरलीस तर पुढच्या सभेत तुझा शब्द कुणी धरणार नाही. तिसऱ्यांदा उठला तर तू काही बोलायचं नाही. ते अध्यक्षांचं काम आहे. त्यांना आदल्या दिवशी भेटून ठरवून ठेव: मी बोलणं थांबवून तुमच्याकडे बघेन, तेव्हा तुम्ही म्हणा, ‘तिला पुरं करू दे, मग चर्चा.’ शब्दही ठरव, नाहीतर ते स्वतःचंच भाषण सुरू करतात.

वीज गेली, पत्र्यावर पाऊस कोसळला, तरी रीत तीच. गप्प, बोट, पाऊस ओसरेपर्यंत थांब, परतीचं वाक्य.

काही जण म्हणतात, पाठ केलेली उत्तरं पोपटपंची वाटतात. मला हे कधीच पटलेलं नाही आणि आता पटणारही नाही. पहिले शब्द तयार असले की डोकं ऐकायला मोकळं राहतं, आणि न ऐकता दिलेलं उत्तरच पोपटाचं वाटतं. तू हवं तर वाद घाल, पण कार्डं लिहून झाल्यावर.

सरावाला भावाला बसव. कुठे अडवणार ते त्याने सांगायचं नाही, आणि अडवताना मालवणीतच अडवायचं, अगदी खवचटपणे. तू उभी राहून बोल. दर वेळी त्याने बघायचं ते एकच: तू त्याच भागाच्या परतीच्या वाक्यावर आलीस का? दुसऱ्या भागावर गेलीस, तर ती खेप धरायची नाही.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि सभा त्याच्या आधी आहे, तेव्हा वेळ थोडा आहे. लाल पेनाची पाच वाक्यं या रविवारपर्यंत पाठव. बाकीचं नंतर बघू.