स्टॅबिलायझरची टकटक आणि वारंवार जाणारे आउटपुट

संध्याकाळी सातनंतर फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून सतत टकटक ऐकू येते, पण फ्रिज बंद पडत नाही. दुरुस्तीला द्यावा का? (एक वाचक, पेडणे)

आउटपुट टिकून आहे तोवर ती टकटक म्हणजे रिले आपले काम करीत असल्याची खूण आहे. आतल्या ऑटोट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला ठिकठिकाणी जोड काढलेले असतात, त्यांना टॅप म्हणतात, आणि रिले फ्रिजला एका टॅपवरून दुसऱ्यावर नेतो. समजा, दाब 200 व्होल्टखाली जाताच वाढ देणारा टॅप लागतो आणि 206 च्या वर गेला की सुटतो. हे सहा व्होल्टचे अंतर मुद्दाम ठेवलेले असते, परंतु शेजारचा पंप सुरू-बंद होताना दाब आठ-दहा व्होल्टने हलला, तर दोन्ही सीमा ओलांडल्या जातात आणि प्रत्येक वेळी रिले वाजतो. मिनिटाला एखादा आवाज चालेल. सेकंदाला एक-दोन येऊ लागले, तर रिलेचे संपर्क लवकर झिजतील, म्हणून दाब कशामुळे हलतो ते शोधावे.

एसी लावला की दहा-पंधरा सेकंदांत आउटपुट जाते, तीन मिनिटांनी येते आणि पुन्हा जाते. नवा स्टॅबिलायझर आणला, तरी तेच. (एक वाचक, डिचोली)

नव्यानेही तेच केले, यावरून दोष स्टॅबिलायझरच्या अलीकडे, म्हणजे वायरिंगमध्ये असावा, असा माझा कयास आहे. कॉम्प्रेसर ओढू लागला की दाब पडतो, कट-ऑफची सीमा गाठली जाते आणि आउटपुट तोडले जाते. ओढच संपल्याने दाब पूर्ववत होतो, म्हणून स्टॅबिलायझर तीन मिनिटे मोजून पुन्हा जोडतो आणि चक्र नव्याने सुरू होते. ही तीन मिनिटे कॉम्प्रेसरमधील गॅसचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा व्हावा यासाठी असतात; ती काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास मुळीच ऐकू नये.

अशाच एका घरी मी वायरमनसोबत मोजमाप केले होते. एसी बंद असताना मीटरपाशी आणि सॉकेटवर, दोन्हीकडे 192 व्होल्ट होते. कॉम्प्रेसर चालू होताच क्लॅम्प मीटरवर सुमारे 9 अँपिअर दिसले. मीटरपाशी दाब 187 वर आला, सॉकेटवर मात्र थेट 168 वर. त्या स्टॅबिलायझरचा कट-ऑफ 170 च्या आसपास होता. मीटर ते सॉकेट या टप्प्यात 19 व्होल्ट हरवले होते, तर 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वीस मीटर वायरीत जाऊन-येऊन एवढ्या प्रवाहाला जेमतेम तीन व्होल्ट जायला हवेत. उरलेले 16 व्होल्ट एका सैल जोडात जात होते, म्हणजे तिथे जवळजवळ 145 वॉट उष्णता तयार होत होती. दर वेळी ती काही सेकंदच टिके आणि पुढच्या तीन मिनिटांत जोड थंड होई, म्हणूनच आग लागली नव्हती. सॉकेट उघडल्यावर स्क्रूखालची वायर काळी पडलेली आढळली.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. स्टॅबिलायझर दाब वाढवून देतो, तेव्हा मागच्या बाजूने तितकाच जास्त प्रवाह ओढतो. त्यामुळे सैल जोडावरची घट आणखी वाढते. अशा ठिकाणी अधिक कमी दाबावर चालणारा महागडा स्टॅबिलायझर आणला, तर एसी चालेल खरा, पण जोड तापतच राहील.

पावसाळ्यात मध्यरात्री 'हाय'चा दिवा लागून आउटपुट जाते. (एक वाचक, वाळपई)

आउटपुट जाते त्या क्षणी पडद्यावरचे इनपुट आणि आउटपुट, दोन्ही आकडे टिपून ठेवावेत. इनपुट 225 आणि आउटपुट 260 असेल, तर वाढ देणाऱ्या रिलेचे संपर्क बहुधा चिकटून बसले आहेत आणि दोष स्टॅबिलायझरचाच आहे. इनपुटच 260 च्या पुढे असेल, तर कट-ऑफने योग्य तेच केले. 230 व्होल्टवर दहा टक्के, म्हणजे 253 पर्यंतचा दाब मान्य मर्यादेत येतो. रात्री मागणी उतरली की दाब चढतो. रोज असे होत असल्यास वेळेसह नोंदी वीज खात्याला द्याव्यात.

मात्र आकडा एकाएकी 280 वर जाऊन परत येत असेल, घरातले काही दिवे भगभगीत आणि काही मंद होत असतील, तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्यावी. खारट दमट हवेत खांबावरचे जोड गंजतात. तेव्हा स्टॅबिलायझरच्या भरवशावर न राहता मेन स्विच बंद करून लगेच वीज खात्याला कळवावे, कारण पंखे, दिवे आणि टीव्ही त्या स्टॅबिलायझरवर नसतात.