अळणी म्हणजे काय, हे आधी सांगावे

पत्र : माझा दहा वर्षांचा नातू जर्मनीत वाढतो आहे. घरी तो चांगले मराठी बोलतो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्याला ‘श्यामची आई’ वाचून दाखवते. दर ओळीला थांबून समजावले तर गोष्ट हरवते, न समजावता पुढे गेले तर त्याला काही कळत नाही. परवा ‘थोर अश्रू’ वाचले, तर म्हणाला, “आजी, आंघोळ झाल्यावर पायाला माती कशी लागेल?” मला उत्तर सुचले नाही. पुस्तक सोडून द्यावे का?
— एक आजी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पुस्तक सोडू नका. नातवाने विचारलेला प्रश्न अगदी नेमका आहे आणि अडचण कुठे आहे हे त्यातूनच कळते. त्या प्रकरणातला ‘ओचे’ हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, तरी तो त्यावर अडला नसावा, कारण अनोळखी शब्द मूल एक तर विचारते किंवा ओलांडून पुढे जाते. तो अडला ‘आंघोळ’ या शब्दावर, जो त्याला पुरता ठाऊक आहे. त्याची आंघोळ फरशीच्या न्हाणीघरात होते आणि बाहेर पाऊल टाकले की पायाखाली पायपुसणे असते. श्यामची आंघोळ उघड्यावर, धोंडीवर होते, भोवती माती असते आणि तळवे ओले असतात. हे चित्र डोळ्यांसमोर नसेल तर श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईने धोंडीवर लुगड्याचे ओचे पसरणे त्याला विचित्र वाटणार, आणि पुढे ती पायांइतकेच मनालाही जप असे सांगते तेव्हा ते वाक्य अधांतरी राहणार.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की प्रकरण आदल्या दिवशी स्वतः वाचताना कठीण शब्दांखाली रेघा मारू नका. नातवाला ओळखीचे असलेले, पण त्या घरात निराळा अर्थ असलेले शब्द शोधा. एका प्रकरणात असे एक-दोनच सापडतील. तेवढेच गोष्ट सुरू होण्यापूर्वी सांगा आणि मग मध्ये न थांबता शेवटपर्यंत वाचा. बाकीचे प्रश्न तो नंतर विचारील.

‘अळणी भाजी’ हे प्रकरण घेऊन पाहू. आई रताळ्याच्या पाल्याची भाजी करते आणि मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, ते बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. सगळे उठल्यावर आई जेवायला बसते, तेव्हा पहिल्याच घासाला तिला चूक कळते. आपल्याला ही गोष्ट सरळ वाटते, पण नातवाच्या मनात दोन प्रश्न येतील. भाजी शिजताना तिने चव का पाहिली नाही? आणि सगळ्यांबरोबर बसून खाल्ली असती तर लगेच कळले नसते का? या दोन प्रश्नांची उत्तरे म्हणजे दोन चालीरीती आहेत. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी अन्न चाखायचे नाही, आणि घरातल्या बाईने सर्वांना वाढून मागाहून जेवायचे. सगळी गोष्ट या दोन रीतींवर उभी आहे, त्यामुळे त्या आधीच सांगायला हव्यात. रताळ्याचा पाला कसा दिसतो हे मात्र सांगितले नाही तरी चालेल, त्याने पालकाची भाजी डोळ्यांसमोर आणली तरी गोष्टीचे काही बिघडत नाही.

आणि आपल्या कोल्हापूरकरांसाठी इथे आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडे ‘अळणी’ म्हटले की मटण शिजवताना निघणारे बिनतिखटाचे पाणी आठवते, जे आपण लहान मुलांना वाटीतून देतो. त्यात मीठ असते, तिखट नसते. सुट्टीत आल्यावर नातू ते प्यायला असेल तर ‘अळणी भाजी’ म्हणजे तिखट नसलेली भाजी असे तो खुशाल समजेल, आणि मग एवढे वाईट वाटण्यासारखे त्यात काय होते, हे त्याला शेवटपर्यंत कळणार नाही. तो विचारणारही नाही, कारण शब्द त्याच्या ओळखीचा आहे.

त्या रविवारी सुनेला एक वाटी बटाट्याची भाजी मिठाशिवाय करायला सांगा. तुम्हीही इकडे तशीच करा. वाचन सुरू होण्यापूर्वी दोघांनी दोन-दोन घास खा, आणि चेहरा वाकडा न करता खायचे एवढीच अट घाला. ते किती अवघड जाते हे त्याच्या जिभेला कळले की वडिलांचे गप्प राहणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वाचून झाल्यावर “यातून काय शिकलास?” असे विचारू नका. मुले या प्रश्नाला शाळेतले तयार उत्तर देतात आणि गोष्ट कळली की नाही ते आपल्याला समजत नाही. “आईला चूक केव्हा कळली?” असे विचारा. “सगळे जेवून उठल्यावर, ती स्वतः जेवायला बसली तेव्हा” असे तो म्हणाला तर रीत पोहोचली. “अन्नाला नावे ठेवू नयेत” असे म्हणाला तर पोहोचली नाही. तेवढा भाग पुढच्या रविवारी पुन्हा वाचा.

आता त्याहून अवघड गोष्टीकडे येते. बाईने शेवटी जेवणे योग्य होते का, असे तो विचारील आणि त्याने विचारावेच. रीत समजावणे म्हणजे तिची बाजू घेणे नव्हे. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात हे अधिक टोचेल. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईला मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, पण त्यानंतर त्याला आंघोळही करायला लावते. ही आंघोळ वगळून वाचण्याचा मोह होतो. वगळू नका. आई तिच्या काळाच्या पुढे एक पाऊल टाकते, पण एकच टाकते, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळते. साने गुरुजींचा जन्म 1899 सालचा, म्हणजे या आठवणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या आहेत, हे त्याला सांगा, नाहीतर भारत आजही असाच आहे असे त्याला वाटेल. पुढे 1947 साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून याच श्यामने उपोषण केले, हेही सांगा. आणि तुमच्याच गावात, त्याच्या कितीतरी आधी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत, ही हकीकत तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या. नातू ही दोन्ही टोके स्वतः जोडील.

पुस्तकाच्या बेचाळीस रात्री क्रमानेच वाचायला हव्यात असे नाही, कारण बहुतेक रात्रीची गोष्ट स्वतंत्र आहे. ‘अळणी भाजी’, ‘पत्रावळ’ आणि पोहण्याची गोष्ट आधी घ्या, कर्जाच्या आणि जप्तीच्या रात्री नंतर. आईच्या शेवटच्या आजारापासूनचा भाग मात्र क्रमाने वाचा, आणि त्या वेळी तुमची सून त्याच्या शेजारी बसलेली असू द्या. पडद्यावरून तुम्हाला त्याला जवळ घेता येणार नाही.

पहिली रात्र, ‘सावित्री-व्रत’, मी मुद्दाम वटपौर्णिमेसाठी ठेवायला सांगते. आजारी आईऐवजी श्याम वडाला प्रदक्षिणा घालतो आणि बायका हसतील म्हणून लाजतो. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणून सकाळी साडेदहाला फोन लावलात तर तिकडे सात वाजलेले असतील. फोन घेऊन जवळच्या वडापाशी उभ्या राहा आणि बुंध्याला गुंडाळलेले सूत, फेऱ्या घालणाऱ्या बायका आणि त्यांच्यात एखादा मुलगा दिसतो का, ते त्यालाच पाहू द्या.