भिंतीतला पाइप, बंद गीझर आणि करारातली ‘मेंटेनन्स’ची ओळ

प्रश्न: नेरूळला 14 महिन्यांपासून भाड्याने राहतोय. बाथरूममध्ये गीझरच्या खालची भिंत ओली झाली, खालच्या मजल्यावर पाणी टपकायला लागलं, त्याच आठवड्यात गीझरही बंद पडला. मालकांनी टाइल्स फोडून पाइप बदलला आणि नवा गीझर बसवला. आता म्हणतात, “मेंटेनन्स तुमच्याकडे लिहिलाय, 18,500 डिपॉझिटमधून कापणार” (पाइपचे 11,000, गीझरचे 7,500). करारात असं आहे: “मेंटेनन्स चार्जेस लायसन्सी भरेल” आणि “लायसन्सी जागा आहे त्या स्थितीत ठेवील; त्याच्याकडून झालेले नुकसान, साधारण झीज वगळता, स्वखर्चाने दुरुस्त करील.” कोणी द्यायचे?

उत्तर:

पाइपचे 11,000 तुमचे नाहीत. त्याला एकच अपवाद आहे, तो पुढे सांगते. गीझरच्या 7,500 पैकी तुमच्याकडे काही येत असेल, तर फार तर दुरुस्तीपुरतं. नव्या गीझरची पूर्ण किंमत नाही.

मी आमच्या सोसायटीची सहा वर्षं सचिव होते. माझा स्वतःचा एक फ्लॅट ठाण्यात भाड्याने दिलेला आहे, म्हणजे हे भांडण मी मालकाच्या बाजूनेही अनुभवलंय. ते जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच शब्दावरून सुरू होतं, तो म्हणजे मेंटेनन्स. तुमच्या करारातल्या पहिल्या ओळीतले ‘मेंटेनन्स चार्जेस’ म्हणजे सोसायटीचं दरमहा बिल: वॉचमन, लिफ्ट, पंपाची वीज, पाणीपट्टी, सिंकिंग फंड. ते तुम्ही भरायचं ठरलं असेल तर भरा. पण त्या ओळीचा घरातल्या दुरुस्तीशी काही संबंध नाही. त्याच कलमात कर, आकारणी, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस असे शब्द शेजारी असतील तर ते बिलांचंच कलम आहे. मालकांना ती ओळ बोटाने दाखवायला सांगा आणि तिच्या मागची-पुढची वाक्यंही मोठ्याने वाचा.

दुरुस्तीचं कलम दुसरं आहे, आणि ते तुमच्या बाजूने चांगलं लिहिलेलं आहे. त्यात तीन ठिकाणी थांबून वाचायचं. ‘आहे त्या स्थितीत’ म्हणजे तुम्ही राहायला आलात त्या दिवशीच्या स्थितीत. पंचवीस वर्षांचा पाइप नव्यासारखा करून देण्याची ती जबाबदारी नव्हे. ‘त्याच्याकडून झालेले नुकसान’ म्हणजे तुमच्या हातून, तुमच्या घरच्यांच्या किंवा तुम्ही बोलावलेल्या कारागिराच्या हातून झालेलं. वस्तू तुमच्या काळात बिघडली, एवढ्याने ते तुमच्याकडून झालेलं नुकसान ठरत नाही. आणि ‘साधारण झीज वगळता’ हे शब्द नेमके गंजलेल्या पाइपसाठी आणि क्षार बसलेल्या गीझरसाठीच असतात. म्हणजे तुमच्या करारात पैसे कोणी द्यायचे हे वस्तूवर नाही, बिघाडाच्या कारणावर ठरतं.

आता कारण कसं दाखवायचं?

नेरूळ, वाशी, कोपरखैरणे भागातल्या जुन्या इमारतींत भिंतीच्या आत लोखंडी जीआय पाइप असतात. ते आतून गंजतात, आणि आट्यांच्या जागी, जिथे पाइप आधीच पातळ झालेला असतो, तिथे सुटतात. नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या घरांत प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाइप असतो. तो गंजत नाही, पण चिकटवलेला सांधा किंवा पितळी आटे असलेला एल्बो दगा देतो. दोन्हींत भाडेकरूचा हात नसतो. भाडेकरूचा हात असतो तो एकाच ठिकाणी: टॉवेल रॉड, शेल्फ किंवा आरसा लावताना ड्रिल मशीन पाइपवर जाणं. हाच तो वर म्हटलेला अपवाद. तुम्ही तिथे भोक पाडलं असेल तर खर्च तुमचा, आणि तो मान्य करायला हवा.

यातलं काय झालं ते प्लंबरने कापून काढलेला पाइपचा तुकडा सांगतो. गंजलेला पाइप आतून तपकिरी खपल्यांनी भरलेला असतो आणि छिद्राच्या कडा कागदासारख्या पातळ, वेड्यावाकड्या असतात. ड्रिलचं भोक गोल आणि स्वच्छ असतं, भोवतालचा पाइप जाड आणि धड असतो. तो तुकडा अजून मालकांकडे, प्लंबरकडे किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात असेल तर आजच ताब्यात घ्या, स्केल शेजारी ठेवून फोटो काढा. तुकडा फेकला गेला असेल तर प्लंबरला फोन करून त्याने काय पाहिलं ते दोन ओळींत मेसेजवर लिहून मागा. माणसं सहसा खरं लिहून देतात, फक्त महिना उलटल्यावर त्यांना कुठला फ्लॅट ते आठवत नाही.

ज्यांच्या घरी गळती अजून चालू आहे त्यांच्यासाठी: भिंत फोडायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, कारण त्यावर मालक, वरचा शेजारी की सोसायटी हे ठरतं. ओलीच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मग रात्री बाथरूमचा मुख्य कॉक बंद करून सकाळी खालच्या घरात टपकणं थांबलंय का ते विचारा. भिंतीकडे पाहू नका, प्लास्टर अनेक दिवस ओलं राहतं. टपकणं थांबलं तर दाबाखालचा पाइप फुटलाय. दुसऱ्या रात्री मुख्य कॉक उघडा ठेवून फक्त गीझरचा इनलेट कॉक बंद करा. तेव्हाही थांबलं तर दोष गीझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या लाइनमध्ये. कॉक उघडा असो वा बंद, फक्त आंघोळीनंतरच टपकत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा वॉटरप्रूफिंग. आणि फक्त पावसात ओल येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. फ्लॅटच्या आतली गळती त्या सभासदाच्या खर्चाने. इथे सभासद म्हणजे मालक. त्यामुळे खालच्या घराच्या नुकसानीबद्दल सोसायटी पत्र देईल ते मालकाला. तुमच्यापुढे कोणी “मी भरपाई देईन” असा कागद ठेवला तर सही करू नका.

गीझरचं थोडं वेगळं आहे, कारण तो वापरण्याची वस्तू आहे. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यात, घोडबंदर रोडकडे हे फार दिसतं, एलिमेंटवर पांढरा क्षाराचा थर चढतो. थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत तापतं आणि जळतं. टाकी गंजून तळातून गळणं हाही वयाचाच भाग. ही झीज, आणि झीज मालकाची. पण टाकीत पाणी नसताना गीझर चालू केला, किंवा स्वस्तातल्या माणसाकडून उघडून घेतला आणि त्याने थर्मोस्टॅट चुकीचा जोडला, तर ते वापरणाऱ्याकडे येतं. म्हणून तंत्रज्ञाला ‘काय बदललं’ एवढंच नाही, ‘कशामुळे गेलं’ हेही जॉबशीटवर लिहायला लावावं.

तुमच्या बाबतीत मालकांना तीन गोष्टी विचारा: जुना गीझर कोणत्या वर्षाचा होता, तो उघडून पाहिला होता का, आणि दुरुस्ती न करता बदलला का. एलिमेंट बदलून चालणारा गीझर त्यांनी स्वतःच्या सोयीने नवा घेतला असेल, तर तो नवा गीझर तुम्ही गेल्यावरही त्यांच्याच भिंतीवर राहणार आहे. चूक तुमची ठरली तरी एलिमेंट आणि मजुरी एवढंच तुमच्याकडे येतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला अडचणीत आणू शकते: ओल दिसल्यावर तुम्ही किती दिवसांनी कळवलंत? माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये भाडेकरूंना जूनमध्ये बुरशी दिसली होती, मला ऑगस्टअखेर सांगितलं. पाइप माझाच होता, तो मी केला. पण दोन महिन्यांत पलीकडच्या कपाटाची प्लाय फुगून दारं गळून पडली होती. दोघं बसून ठरवलं: पाइप आणि टाइल्स माझे, कपाटाच्या 9,000 पैकी निम्मे त्यांचे. मला अजूनही ते योग्य वाटतं, कारण पाइप झिजला होता आणि कपाट उशिरामुळे गेलं होतं. तुमचा पहिला मेसेज ओल दिसल्याच्या एक-दोन दिवसांत गेला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट हाच तुमचा सर्वांत मोठा कागद.

काही जण सांगतील, भाड्यातून कापून घ्या, कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 मध्ये तसं आहे खरं: उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम, आणि किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण ते ‘भाडेकरू’साठी आहे. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरण्याच्या परवानगीचा; तुम्ही ‘लायसन्सी’, मालक ‘लायसन्सर’. आणि त्यात ‘या करारामुळे भाडेकरूचे हक्क निर्माण होत नाहीत’ अशी ओळ जवळजवळ नक्की असेल. म्हणून कलम 14 वर विसंबून स्वतःहून भाडं कापू नका. तुमचं बळ करारातल्या त्या एका वाक्यात आहे. मालकांना लिहा: “करारातील दुरुस्तीच्या कलमानुसार साधारण झीज माझ्याकडे नाही. पाइप गंजून फुटला, फोटो जोडला आहे. मी अमुक तारखेला कळवले होते. गीझर माझ्या चुकीने बिघडल्याचा तंत्रज्ञाचा लेखी शेरा असल्यास पाठवावा.” फोनवर बोलणं झालं तरी हे लेखी जाऊ द्या.

कराराचं नूतनीकरण होईल तेव्हा एजंटला ‘इतर अटी’मध्ये हे घालायला सांगा. मी माझ्या करारात घालते:

“भिंतीतील व लादीखालील पाइप, ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग व वायरिंग यांची दुरुस्ती लायसन्सर करील. तोटीचे वायसर, शॉवर, फ्लशचे सुटे भाग, बल्ब, एसीची वार्षिक सर्व्हिसिंग लायसन्सी करील. परिशिष्टातील उपकरणे झीज होऊन बिघडल्यास एका वेळच्या दुरुस्तीचा खर्च 1,000 रुपयांपर्यंत असल्यास लायसन्सी करील. त्याहून जास्त असल्यास संपूर्ण खर्च लायसन्सर करील. गळती दिसल्यापासून 3 दिवसांत लायसन्सी लेखी कळवील.”

यातला ‘संपूर्ण’ हा शब्द वगळू नका. नुसतं “1,000 च्या वरचा खर्च मालकाचा” लिहिलं की 2,500 च्या बिलात पहिले हजार कोणाचे यावर वाद होतो. ‘एका वेळच्या’ हेही तसंच, नाहीतर कोणी वर्षाचा हिशेब धरतो. परिशिष्टात ‘गीझर 1, एसी 1’ एवढंच न लिहिता कंपनी, लिटर किंवा टन आणि खरेदीचं वर्ष लिहा. खाडी किंवा नाल्याजवळच्या घरात एसीच्या तांब्याच्या कॉइलला बारीक छिद्रं पडून गॅस वारंवार उडतो, तिथे ‘सर्व्हिसिंग लायसन्सीची, गॅस व कॉइल लायसन्सरचे’ असं वेगळं लिहून घ्या.

आणि पाइपचा तो तुकडा डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत टाकू नका.