फ्लेक्झिबल, झिरो-बेस्ड आणि परफॉर्मन्स बजेट: कोणाचं भांडण कोणाशी?

प्रश्न: बजेटरी कंट्रोलच्या चॅप्टरमध्ये ही तिन्ही बजेटं एकामागोमाग येतात. व्याख्या पाठ आहेत, पण 'फरक स्पष्ट करा' आलं की गोंधळ उडतो. आणि गणित दरवेळी फ्लेक्झिबलचंच का विचारतात?

गोंधळ उडतो कारण तुम्ही तिघांना एकमेकांसमोर उभं करताय. त्यांचं आपसात भांडणच नाही. फ्लेक्झिबल बजेटचं भांडण आहे फिक्स्ड बजेटशी. झिरो-बेस्डचं भांडण 'गेल्या वर्षीचा आकडा घ्या, दहा टक्के वाढवा' या पद्धतीशी. आणि परफॉर्मन्स बजेट आलं ते सरकारी खात्यांच्या शीर्षवार बजेटाविरुद्ध, ज्यात पगार, प्रवासभत्ता, कार्यालयीन खर्च एवढंच दिसतं आणि त्या पैशात काम काय झालं ते दिसत नाही. कोण कोणाविरुद्ध उभं आहे हे एकदा डोक्यात बसलं की फरकाचे मुद्दे आपोआप सुचतात.

मी कॉस्टिंग शिकवतो, त्यामुळे गणितापासूनच सुरू करतो. आकडे अर्थातच मानलेले आहेत.

प्लास्टिकच्या बादल्यांचा एक कारखाना घ्या. क्षमता महिन्याला १०,००० बादल्या. एका बादलीला माल ४० रुपये, मजुरी १५ रुपये. भाडं, पगार वगैरे स्थिर खर्च १,२०,००० रुपये. वीजबिल सेमी-व्हेरिएबल: ६,००० बादल्यांना ५०,००० रुपये आणि ८,००० बादल्यांना ६०,००० रुपये. महिन्याचं बजेट ८,००० बादल्या धरून केलं होतं, प्रत्यक्षात ७,००० निघाल्या आणि एकूण खर्च झाला ५,७२,००० रुपये.

आधी वीजबिल फोडायचं. २,००० बादल्या वाढल्या तर बिल १०,००० रुपयांनी वाढलं, म्हणजे बादलीमागे ५ रुपये. ६,००० बादल्यांचे ३०,००० रुपये बिलातून वजा केले की उरलेले २०,००० स्थिर. आता ८,००० बादल्यांचं बजेट येतं माल ३,२०,०००, मजुरी १,२०,०००, वीज ६०,००० आणि स्थिर १,२०,०००, मिळून ६,२०,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च ५,७२,००० पाहून मॅनेजर खूश होईल, ४८,००० वाचले म्हणून.

पण बादल्याच हजारानं कमी निघाल्यात. ७,००० बादल्यांना किती खर्च व्हायला हवा होता? माल २,८०,०००, मजुरी १,०५,०००, वीज ५५,०००, स्थिर १,२०,०००. एकूण ५,६०,०००. म्हणजे वाचले काहीच नाहीत, १२,००० जादा गेलेत. कुठे गेले तेही ओळीओळीनं दिसतं: माल प्रत्यक्षात २,९४,००० रुपयांचा लागला, म्हणजे १४,००० जादा. वीज ५३,०००, म्हणजे २,००० कमी. मजुरी आणि स्थिर खर्च बरोबर बजेटाइतके. मॅनेजरला आता एकच गोष्ट विचारायची, माल महाग घेतला की वाया घालवला. फिक्स्ड बजेटातून हा प्रश्न कधी निघालाच नसता.

पेपरमध्ये मुलं अडकतात ती जवळजवळ नेहमी स्थिर खर्चाच्या पर-युनिट आकड्यावर. प्रश्नात ६०% क्षमतेला 'स्थिर खर्च प्रति नग २० रुपये' दिलेला असतो. मुलं तोच २० रुपये ८०% ला ८,००० नी गुणतात. चुकलं. ६,००० गुणिले २० म्हणजे १,२०,०००, आणि तो एकूण आकडा तसाच राहतो. ८,००० ला तो प्रति नग १५ रुपये होतो.

दुसरा सापळा टप्प्यांचा. 'सेमी-व्हेरिएबल खर्च ४५% ते ६५% पर्यंत कायम, ६५% ते ८०% दरम्यान १०% वाढतो, ८०% ते १००% दरम्यान २०% वाढतो' असं वाक्य बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. ६०% ला देखभाल खर्च २५,००० असेल तर ७५% ला २७,५०० आणि ९०% ला ३०,०००. ही २०% वाढ मूळ २५,००० वर असते. २७,५०० वर २०% लावून ३३,००० लिहिलेले पेपर ढिगानं सापडतात. प्रश्नाची भाषाच वेगळी असेल तर काय गृहीत धरलं ते टीपमध्ये एका ओळीत लिहा.

उत्तर तपासायची सोपी युक्ती: दोन पातळ्यांच्या एकूण खर्चातला फरक घ्या आणि नगांतल्या फरकानं भागा. आपल्या कारखान्यात ६,००० ला एकूण ५,००,००० आणि ८,००० ला ६,२०,०००. फरक १,२०,०००, भागिले २,०००, म्हणजे ६०. माल ४०, मजुरी १५, वीज ५, बेरीज ६०. जुळलं. जुळलं नाही तर कुठला तरी स्थिर खर्च तुम्ही गुणलाय, किंवा चल खर्च गुणायचा राहिलाय. टप्पे असतील किंवा मालाचा दर बदलत असेल तिथे मात्र ही युक्ती चालत नाही.

आता या १,२०,००० च्या स्थिर खर्चाकडे पाहा. फ्लेक्झिबल बजेटानं त्याला कुठेच हात लावला नाही. समजा त्यात तपासणी विभागाचे १८,००० आहेत, दोन माणसं प्रत्येक बादली बघतात. ५,००० बादल्या निघोत की ९,०००, फ्लेक्झिबल बजेट ते १८,००० निमूटपणे पुढच्या रकान्यात उतरवतं. ते लागतात का, हे विचारणं त्याचं कामच नाही. ते काम झिरो-बेस्डचं.

ही पद्धत पीटर फिर यांनी अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस बसवली. 'झिरो' म्हणजे खर्च शून्यावर आणणं नव्हे. गेल्या वर्षी मिळाले होते म्हणून यंदा मिळतील, हा हक्क शून्य. तपासणी विभाग हे एक निर्णय-एकक. त्याच्या प्रमुखानं पर्याय मांडायचे, त्यांना डिसिजन पॅकेज म्हणतात. पहिलं ८,००० रुपयांचं: एकच माणूस, अर्धा वेळ, दर वीस बादल्यांतली एक बघणार. दुसरं त्यावर १०,००० जादा: दोन माणसं, प्रत्येक बादली. तिसरं आणखी ८,०००: गळती तपासायचं यंत्र भाड्यानं. प्रत्येक पॅकेजसोबत लिहायचं की हे दिलं नाही तर काय होईल, म्हणजे किती बादल्या परत येतील, कोणतं गिऱ्हाईक तुटेल. मग जाहिरात, देखभाल, प्रशिक्षण अशा सगळ्या विभागांची पॅकेजं एका यादीत उतरत्या क्रमानं लावायची. पैसे जिथे संपतील तिथे रेघ. रेघेखालचं पॅकेज बाद, मग ते वीस वर्षं चालत आलेलं का असेना.

यावर गणित का येत नाही ते लक्षात आलं असेल. क्रम लावणं हा निर्णय आहे, त्याचं एकच बरोबर उत्तर नसतं आणि परीक्षकाला मार्क द्यायला एक आकडा लागतो. म्हणून झिरो-बेस्डवर टीप किंवा फायदे-मर्यादा येतात. मर्यादा लिहिताना 'वेळखाऊ' एवढ्यावर थांबू नका. माल आणि मजुरीला ही पद्धत लागू पडत नाही, कारण बादलीला लागणारा माल हा निर्णयाचा भाग नाही, तो साच्यानं आणि वजनानं ठरतो. ती चालते ती ठरवू तितक्या खर्चावर, म्हणजे जाहिरात, संशोधन, प्रशासन अशा ठिकाणी. आणि विभागप्रमुख हुशार असतात: जे पॅकेज साहेब कधीच कापणार नाहीत ते मुद्दाम खाली ठेवतात आणि आपल्या आवडीचं वर. जिमी कार्टर यांनी ही पद्धत आधी जॉर्जिया राज्यात आणि नंतर अध्यक्ष म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारात आणली. रेगन सरकारनं १९८१ मध्ये ती सोडून दिली. कागदांचा ढीग ही तिच्यावरची मोठी तक्रार होती.

परफॉर्मन्स बजेट मुख्यतः सरकारचं. अमेरिकेत १९४९ च्या हूव्हर आयोगानं त्याची शिफारस केली. आपल्याकडे पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या काळात, १९६८ पासून, केंद्राच्या काही मंत्रालयांत ते सुरू झालं. २००५ मध्ये आऊटकम बजेट आलं, आणि पुढे केंद्रात परफॉर्मन्स बजेट त्यातच विलीन झालं. महाराष्ट्र शासनाच्या खात्यांची 'कार्यक्रम अंदाजपत्रकं' म्हणजे हेच. एखादं उघडून पाहिलंत तर पैशाच्या रकान्याशेजारी भौतिक उद्दिष्ट आणि साध्य असे रकाने दिसतील.

एक मानलेलं उदाहरण. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूच्या ४०० शस्त्रक्रियांसाठी १२ लाख मंजूर, म्हणजे शस्त्रक्रियेमागे ३,०००. वर्षअखेर झाल्या ३००, खर्च ११ लाख ४० हजार. जुन्या पद्धतीच्या बजेटात '६०,००० शिल्लक' एवढंच दिसेल. परफॉर्मन्स बजेट सांगतं की उद्दिष्टाच्या ७५ टक्केच काम झालं आणि शस्त्रक्रियेमागे ३,८०० लागले.

पण म्हणून ८०० रुपये उधळपट्टीत गेले असं लिहू नका. समजा १२ लाखांपैकी ६ लाख स्थिर आहेत, डॉक्टर-परिचारिकांचे पगार वगैरे, आणि उरलेले शस्त्रक्रियेमागे १,५००. मग ३०० शस्त्रक्रियांना व्हायला हवे होते १० लाख ५० हजार, म्हणजे प्रत्येकी ३,५००. आठशेतले ५०० रुपये वाढले ते रुग्ण कमी आले म्हणून, आणि ३०० रुपये खरोखर जादा खर्च झाले. हे वेगळं करायला परफॉर्मन्स बजेटाला फ्लेक्झिबल बजेटाचीच मदत घ्यावी लागली. 'ही बजेटं एकत्र वापरता येतात का?' असं विचारलं तर हे उदाहरण लिहा. फारसं कोणी लिहीत नाही.

परफॉर्मन्स बजेटाची खरी अडचण मोजमाप निवडण्यात असते. शस्त्रक्रिया मोजता येतात, पोलीस ठाण्याचं काय मोजणार? 'नोंदलेले गुन्हे कमी झाले' हे यश धरलं तर तक्रारच नोंदवून न घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग ठरतो.

पेपरमध्ये ओळखायची खूण एवढीच: प्रश्नात क्षमतेचे टक्के किंवा दोन उत्पादन पातळ्या दिसल्या की फ्लेक्झिबल. 'प्रत्येक खर्चाचं समर्थन', 'प्राधान्यक्रम' असे शब्द आले की झिरो-बेस्ड. खातं, कार्यक्रम, भौतिक उद्दिष्ट आलं की परफॉर्मन्स. फरकाच्या उत्तरात तीन रकाने आखलेत तर पहिली ओळ 'कशाला पर्याय म्हणून आलं' हीच ठेवा.